वारकऱ्याच्या डोक्यावरची पांढरी टोपी नेमकी किती जुनी? (धागा)

आषाढ जवळ आला की एक चित्र सर्वत्र फिरू लागते. पावसाळी आभाळाखाली दिंडी चालली आहे, पुढे भगव्या पताका, मागे टाळकरी. सर्वांच्या अंगात पांढरे धोतर आणि सदरा, गळ्यात तुळशीची माळ आणि डोक्यावर होडीच्या आकाराची पांढरीशुभ्र टोपी. खाली ओळ लिहिलेली असते : ‘तुकोबांच्या काळातील वारी’. चित्र सुरेख असते, काढणाऱ्याचा भाव निर्मळ असतो. पण त्यातील टोपी तुकोबांनंतर जवळजवळ पावणेतीनशे वर्षांनी जन्मलेली आहे.

चित्रात पालखी आणि तिच्यात पादुका असतील, तर चूक दुहेरी होते. तुकोबांचे निर्याण १६५० चे. देहूहून पादुकांची पालखी नेण्याची प्रथा त्यांचे पुत्र नारायणबाबा यांनी १६८५ मध्ये सुरू केली. वारी त्याहून पुष्कळ जुनी, पालखी मात्र नंतरची. हे जाता जाता. या धाग्याचा विषय टोपी, माळ आणि पांढरे सुती वस्त्र हा आहे. वारकऱ्याचे चित्र काढताना किंवा त्याच्या छायाचित्राखाली चार ओळी लिहिताना या तीन वस्तूंना एकाच काळात कोंबता येत नाही. त्यांची वये वेगळी आहेत, आणि त्या वयांतच बराच इतिहास दडलेला आहे.

आधी शब्दाकडे पाहू. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे इ.स. १७१६ च्या सुमारास, ‘टोपीकर’ हा शब्द येतो. तो कोणासाठी? पोर्तुगीज, इंग्रज, डच, फ्रेंच अशा समुद्रामार्गे आलेल्या परकीयांसाठी. एतद्देशीय माणूस डोक्याला वस्त्र गुंडाळतो आणि परदेशी माणूस तयार टोपी घालतो, हा भेद त्या काळी इतका उघड होता की टोपीवरूनच लोकांना नाव पडले. मुलांची कुंची होती, काही बैरागी-गोसाव्यांच्या टोप्याही होत्या. परंतु शेतकरी-कष्टकरी गृहस्थाने चारचौघांत जाताना डोक्यावर घ्यायचे ते पागोटे, मुंडासे, फेटा, पटका किंवा रुमाल. शिवकाळातल्या वारकऱ्याला ‘टोपीवाला’ म्हटले असते, तर त्याने इकडेतिकडे फिरंगी शोधला असता.

मग ही पांढरी टोपी आली कुठून? काका कालेलकरांनी गांधीजींशी झालेल्या एका संभाषणाची आठवण लिहून ठेवली आहे, ती इथे उपयोगी पडते. गांधीजी १९१५ मध्ये आफ्रिकेतून परतले तेव्हा त्यांच्या डोक्यावर काठेवाडी फेटा होता. पुढे त्यांनी देशातल्या निरनिराळ्या प्रांतांच्या शिरोवेष्टनांचा विचार केला. फेटा-पगडी उन्हापासून डोके राखते, पण तिला कापड फार लागते आणि ती नेहमी धुतली जात नाही. काश्मिरी टोपीचा घाट त्यांना पसंत पडला : हलकी, घडी घालून खिशात ठेवता येणारी, सहज शिवता येणारी. ती लोकरीऐवजी सुती केली. रंग पांढरा का, यावर त्यांचे उत्तर अगदी व्यवहारी होते. पांढऱ्यावर घाम आणि मळ लगेच दिसतो, म्हणून टोपी धुवावीच लागते. वारकऱ्याच्या टोपीच्या शुभ्रतेला आज सात्त्विकतेचा जो अर्थ चिकटला आहे, त्याच्या मुळाशी धुण्याचा हा साधा हिशेब आहे.

१९२० च्या डिसेंबरात नागपूरला काँग्रेसचे अधिवेशन झाले आणि असहकाराच्या कार्यक्रमावर शिक्कामोर्तब झाले. नागपूरपासून वर्धा जवळ. जमनालाल बजाजांनी सरकारने दिलेली रायबहादुरकी परत केली. ८ एप्रिल १९२१ रोजी विनोबा आश्रम चालवण्यासाठी वर्ध्यात दाखल झाले. खादी आणि टोपी या दोन्ही गोष्टी या जिल्ह्याच्या गावागावांत पोहोचण्याचा रस्ता असा तयार झाला. समुद्रपूर तेव्हा हिंगणघाट तहसिलीत होते. काळ्या मातीचा, कापसाचा मुलूख. हिंगणघाटचा कापूस एकोणिसाव्या शतकात लांब धाग्यासाठी परदेशी बाजारात नावाने ओळखला जाई, आणि १८८१ मध्ये हिंगणघाटात कापडगिरणीही उभी राहिली. म्हणजे टोपीसाठी लागणारा कापूस इथलाच, कातणारे हात इथलेच. नवा होता तो फक्त घाट.

इथे एक गंमत नोंदवायला हवी. गांधीजींनी २२ सप्टेंबर १९२१ रोजी मदुरैत सदरा आणि टोपी कायमची उतरवली आणि गुडघ्यापर्यंतचा पंचा स्वीकारला. ज्या टोपीला त्यांचे नाव लागले, ती त्यांनी स्वतः जेमतेम दोन-तीन वर्षे वापरली. ते वर्ध्याला राहायला आले १९३४ मध्ये आणि शेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, १९३६ मध्ये. त्यामुळे वर्धा जिल्ह्यातील लोकांनी प्रत्यक्ष पाहिलेले गांधी उघड्या डोक्याचे होते. टोपी सभोवतालच्या सर्वांच्या डोक्यावर होती, त्यांच्या नव्हती.

त्याच १९३६ साली प्रभात कंपनीचा ‘संत तुकाराम’ पडद्यावर आला. दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल, तुकोबांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस. चित्रपट निघाला तेव्हा गांधी टोपी महाराष्ट्रभर पसरलेली होती. चित्रपटगृहात बसलेल्या कित्येकांच्या डोक्यावर ती असणार. तरीही पडद्यावरच्या तुकोबांच्या डोक्याला पागोटेच आहे. त्या पिढीला हा फरक शिकवावा लागत नव्हता, कारण टोपी आली ती तिच्या डोळ्यांदेखत. आजच्या चित्रकाराचे तसे नाही. त्याने आजोबांना टोपीत पाहिले, पणजोबांना छायाचित्रात टोपीत पाहिले. मग तुकोबांच्या सोबत्यांनाही ती सहज बहाल केली.

दिंडीत टोपी शिरली ती कोणाच्या आज्ञेने नव्हे. फडांनी, संस्थानांनी गणवेश म्हणून ती ठरवली नाही. वारकऱ्याचा असा वेगळा वेश मुळातच नव्हता. शेतकरी घरी जे नेसतो, तेच धुऊन तो वारीला निघतो. शेतकऱ्याचे घरचे शिरोवेष्टन बदलले, तसे दिंडीतलेही बदलले. बदलाला राजकारण कारणीभूत होतेच, पण खिसाही होता. पागोट्याला कित्येक हात कापड लागते, ते बांधायला वेळ आणि सराव लागतो. टोपी अर्ध्या वारात होते. दुसऱ्या महायुद्धात कापडाची एवढी टंचाई झाली की १९४३ मध्ये सरकारला सुती कापड आणि सूत यांवर नियंत्रण आणावे लागले. अशा दिवसांत जुने पागोटे विरले, तर नवे घेण्याऐवजी टोपी घेणे हे कोणत्याही प्रपंचवाल्याला पटण्यासारखे होते. स्वातंत्र्यानंतर ग्रामीण महाराष्ट्रात टोपी ही राजकीय खूण उरली नाही, ती केवळ ‘टोपी’ झाली. वारकरी स्वतः तिला आजही गांधी टोपी म्हणेलच असे नाही.

हा बदल वरवर पाहता लहान वाटेल. पण पागोट्याबरोबर एक मोठी गोष्ट नजरेआड झाली. एकोणिसाव्या शतकात माणूस लांबून येताना दिसला की त्याच्या डोक्यावरून त्याची जात, प्रांत आणि पुष्कळदा धंदाही ओळखता येई. ब्राह्मणाची पगडी वेगळी, मराठ्याचे पागोटे वेगळे, धनगराचा पटका वेगळा. पुणेरी बांधणी निराळी, नागपुरी निराळी. पांढऱ्या टोपीने ही खूण पुसली. म्हणूनच सतराव्या-अठराव्या शतकातील दिंडीला सरसकट पांढऱ्या टोप्या घालणे ही केवळ पोशाखाची चूक राहत नाही. तसे चित्र सांगते की वारीत सगळे आधीपासून एकसारखेच दिसत होते. तसे ते दिसत नव्हते. भेद डोक्यावर बांधूनच माणसे पंढरीच्या वाटेला लागत, आणि ते भेद असूनही एकमेकांच्या पाया पडत. वारीचे जे काही सामर्थ्य आहे ते या ओढाताणीत आहे, आणि चित्रातला एकसारखेपणा नेमके तेच झाकतो.

टोपी सारखी झाल्यावर तरी भेद मिटले का? इरावती कर्वे स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत पालखीबरोबर चालल्या आणि ‘वाटचाल’ हा लेख त्यांनी लिहिला. एकाच दिंडीत दिवसभर अभंग म्हणत चालणारे ब्राह्मण आणि मराठे जेवायला मात्र वेगवेगळे बसतात, ही गोष्ट त्यांना खुपली आणि ती त्यांनी दडवली नाही. डोकी सारखी, पंगती निराळ्या. टोपीला समतेचे प्रतीक म्हणून मिरवणाऱ्याने हा लेख एकदा वाचावा.

आता धोतराकडे वळू, कारण त्याची कथा याहून टोकदार आहे. गिरणीचे कापड गावोगाव पोहोचण्यापूर्वी नागपूर-वर्धा भागात शेतकरी जे जाडेभरडे सुती कापड वापरत, ते विणणाऱ्यांत महार समाजाचा वाटा मोठा होता. कोष्टी तलम आणि रेशीमकाठी विणत, तर रोजच्या वापराचे खरखरीत कापड बहुधा महारांच्या मागावरून येई. याचा अर्थ असा की या भागातून पंढरपूरला जाणाऱ्या माणसाच्या अंगावरचे वस्त्र देवळाच्या गाभाऱ्यापर्यंत पोहोचत होते, आणि ते विणणारा बाहेर थांबत होता. वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर जमनालाल बजाजांनी १९२८ मध्ये सर्वांना खुले केले. पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराचे दार उघडायला १९४७ उजाडले, आणि त्यासाठी साने गुरुजींना मे महिन्यात प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. १९०० च्या दिंडीचे चित्र काढणाऱ्याने धोतराची प्रत्येक चुणी नीट काढावी, हे बरोबरच. पण त्या चुण्यांखाली हा इतिहास आहे, हे त्याला ठाऊक असावे.

धोतर पांढरे का, भगवे का नाही? याचे उत्तर वारकरी कोण आहे यात आहे. वारकरी संन्यासी नाही. तो बायकामुलांचा, शेतीभातीचा माणूस आहे, वर्षातून ठरलेल्या वेळी निघतो आणि परत येऊन पेरणीच्या पुढच्या कामाला लागतो. भगवा रंग दिंडीत आहे, पण तो पताकेवर आहे, अंगावर नाही. अलीकडच्या संगणकी चित्रांत वारकऱ्याला भगवे धोतर नाही तर भगवा फेटा घातलेला दिसतो. सणासमारंभाच्या मिरवणुकीत फेटे बांधतात, ते वेगळे. वाटेवरच्या साध्या वारकऱ्याला भगव्यात रंगवले की त्याचे गृहस्थपणच नाहीसे होते.

आणि पांढरे म्हणजे कागदासारखे पांढरे नव्हे. न विरंजलेल्या सुताचा रंग मळखाऊ, किंचित पिवळसर असतो. मांजरपाटाचे धोतर पहिल्या धुण्यानंतर उजळते, नीळ दिली तर निळसर झाक मारते. आषाढात काळ्या मातीच्या वाटेने चालणाऱ्याच्या धोतराचा खालचा वीतभर भाग राखाडी-काळा झालेला असतो आणि तो डाग सहजी जात नाही. म्हणून अनुभवी वारकरी धोतर पोटऱ्यांच्या वर खोचून चालतो. चित्रात धोतर घोट्यापर्यंत सोडलेले आणि काठावर एकही शिंतोडा नाही असे दिसले, तर तो माणूस वाटेवरचा नसून छायाचित्रकाराच्या खोलीतला आहे हे समजावे. मळ दाखवणे हा अनादर नाही. शेकडो किलोमीटर चालल्याची तीच साक्ष आहे.

अशुद्ध वाटणारा एक तपशील अनेकांना काढावासा वाटत नाही, तर एक पवित्र वाटणारा तपशील हमखास चुकतो. तो म्हणजे माळ. तुळशीचे खोड जाड होऊन होऊन किती होणार? बोटाएवढे. त्यातून मणी काढायचा तर तो लहानच निघतो, आणि हाताने केलेला मणी शेजारच्या मण्यासारखा तंतोतंत नसतो. पंढरपुरात काशीकापडी समाजाच्या कुटुंबांनी हे काम पिढ्यान्‌पिढ्या केले आहे. बोराएवढे टपोरे, एकसारखे गोल, चकचकीत मणी दिसले की ते तुळशीचे नाहीत असे बेलाशक समजावे. चित्रकाराने रुद्राक्षाचा नमुना समोर ठेवलेला असतो. नवी माळ फिकट असते. वर्षानुवर्षे गळ्यात राहिलेली माळ घामाने आणि अंगाच्या तेलाने काळपट-तपकिरी होते. म्हाताऱ्या वारकऱ्याच्या गळ्यात कोरी पिवळी माळ काढली, तर त्याने माळ कालच घातली असा त्याचा अर्थ होतो.

आणि वारकरी संप्रदायात ‘माळ घालणे’ ही क्रिया साधी नाही. माळ ज्ञानेश्वरीवर ठेवून, नाहीतर फडावरच्या अधिकारी व्यक्तीच्या हातून घेतली जाते. तिच्याबरोबर मद्य-मांस वर्ज्य करणे, एकादशी धरणे, वारी न चुकवणे ही बंधने येतात. म्हणून ‘माळकरी’ हा शब्द गावात माणसाच्या वागण्याविषयी बोलतो, दागिन्याविषयी नाही. छायाचित्रासाठी कोणाच्याही गळ्यात माळ अडकवायची आणि नंतर काढून डब्यात ठेवायची, हे खऱ्या माळकऱ्याला खटकते ते यामुळे. चित्रासाठी माणूस हवा असेल, तर माळ आधीच असलेला माणूस शोधावा.

माळ आणि हार यांत होणारी गल्लत तर जवळपास रोजची. इंग्रजीत दोहोंसाठी एकच शब्द वापरला जातो आणि तिकडून उलटे आणताना कोणीतरी ‘गळ्यात तुळशीचा हार’ असे लिहून जातो. तुळशीचा हार म्हणजे हिरव्या पानांचा आणि मंजिऱ्यांचा, जो विठ्ठलाच्या गळ्यात पडतो. वारकऱ्याच्या गळ्यात लाकडी मण्यांची माळ असते. फुलांचा हार दिंडीत विणेकऱ्याच्या गळ्यात दिसू शकतो, कारण विणेकरी दिंडीचा मान वाहतो आणि लोक विण्याला वाकून नमस्कार करतात. पण एखाद्या वृद्ध वारकऱ्याचे एकट्याचे चित्र असेल आणि त्यात झेंडूचा भरगच्च हार असेल, तर मराठी घरातला कोणीही पहिल्यांदा विचारील : ‘कधी गेले?’ आपल्याकडे तसबिरीला हार पडतो तो माणूस गेल्यावर. जिवंत माणसाच्या चित्रात तो घालायचा असेल, तर सत्काराचा प्रसंग चित्रात दिसला पाहिजे.

आता हे सगळे एका जागी आणून पाहू. समजा, समुद्रपूर तालुक्यातील एखाद्या गावच्या टाळकऱ्याचे चित्र काढायचे आहे. इथून पंढरपूर पाचशे किलोमीटरांहून अधिक दूर. सर्वांनाच तिथवर पायी जाणे जमत नाही. या भागातील भाविकांना विदर्भाचे पंढरपूर म्हटले जाणारे धापेवाडा किंवा वर्धा जिल्ह्यातच केजाजी महाराजांचे घोराड जवळचे. तेव्हा पहिला प्रश्न, हा माणूस कोणत्या वाटेवर आहे? आळंदी-देहूच्या पालख्यांत दिसणारे रथ, अश्व आणि मैलभर लांबीची गर्दी या चित्रात तशीच उचलून आणता येत नाही. पंचवीस-तीस माणसांची गावची दिंडी, दोन्हीकडे कोवळी कपाशी आणि मध्ये चिखलाची वाट, हे या मुलखाला अधिक धरून होईल.

दुसरा प्रश्न सालाचा. १९०५ चे चित्र असेल, तर डोक्याला पागोटे किंवा गुंडाळलेला रुमाल, अंगात बंदांची बंडी किंवा नुसताच खांद्यावर दुपट्टा, हातमागाचे जाड धोतर गुडघ्याच्या थोडे खाली. १९४८ चे असेल, तर एकाच रांगेत पागोटे आणि टोपी दोन्ही दिसावीत : म्हाताऱ्याच्या डोक्यावर पागोटे, त्याच्या मुलाच्या डोक्यावर टोपी. तीनही काळांतील चित्रांपैकी हेच काढायला सर्वांत कठीण आणि सर्वांत बोलके ठरेल. आजचे असेल, तर टोपी बहुतेकांना, पण तरुणांच्या अंगात धोतराऐवजी लेंगा किंवा पँट, आणि ती लपवण्याचे कारण नाही. तीनही चित्रांत कपाळावर गोपीचंदनाचा उभा टिळा, त्यात बुक्क्याचा काळा ठिपका आणि गळ्यात माळ तीच राहील. एक गोष्ट मात्र तीनही वेळा विसरू नये. दिंडी सगळी पांढरी कधीच नसते. डोक्यावर तुळस घेतलेल्या बायकांच्या लुगड्यांचे हिरवे, लाल, जांभळे रंग पांढऱ्याच्या शेजारी नसतील, तर अर्धी दिंडी चित्राबाहेर राहिली.

समुद्रपुरात टोपीबाबत आणखी एक काळजी घ्यावी लागते. याच तालुक्यात गिरडची टेकडी आहे आणि तिच्यावर शेख फरीद बाबांचा दर्गा. व्यापाऱ्याच्या मालाची फकिराच्या शापाने दगडी फळे झाली, अशी तिथल्या गोल खड्यांची दंतकथा ब्रिटिश काळातल्या गॅझेटियरमध्येही नोंदलेली आहे. तिथे हिंदू-मुसलमान दोन्ही जातात. म्हणजे या भागात ‘पांढरी टोपी घातलेला भाविक’ एवढेच लिहिले, तर वाचणाऱ्यासमोर नमाजाची गोल टोपी घातलेला माणूसही उभा राहील. शेजारी चिमूर, जिथल्या भागात तुकडोजी महाराजांचा वावर होता. त्यांच्या गुरुदेव सेवा मंडळाचे लोक पांढऱ्या कपड्यांवर भगवी टोपी घालतात. तीही होडीच्याच घाटाची. काळ्या-पांढऱ्या जुन्या छायाचित्रात भगवी टोपी करडी दिसते आणि गुरुदेवभक्ताला वारकरी समजण्याची चूक सहज होते. अशा वेळी टोपी सोडून हाताकडे पाहावे. खंजिरी असेल तर बहुधा गुरुदेव मंडळाचे भजन. टाळ आणि मागे मृदंग असेल, गळ्यात माळ आणि कपाळी बुक्का असेल, तर दिंडी.

टोपी ठेवण्याच्या पद्धतीतही माणूस दिसतो. वारकऱ्याची टोपी दोन्ही टोके पुढे-मागे ठेवून सरळ, कपाळाच्या वर बसलेली असते, जेणेकरून टिळा झाकला जाऊ नये. एका कानावर कललेली टोपी तमाशातल्या सोंगाड्याची नाहीतर निवडणुकीतल्या पुढाऱ्याची आठवण करून देते. धुऊन धुऊन तिची टोके मऊ पडलेली असतात. खळ घालून ताठ केलेली, धारदार टोकांची टोपी दुकानातून नुकतीच आणलेली असते. शाळेच्या दिंडीतल्या मुलांना ती शोभते.

चित्राखालची ओळ लिहिताना ‘वेशभूषा’ हा शब्द टाळलेला बरा, कारण त्यात सोंग घेतल्याची छटा येते. ‘गणवेश’ तर नकोच. ‘पेहराव’ किंवा नुसते ‘नेसूचे’ चालेल. आजच्या चित्रासाठी ओळ अशी होईल : ‘समुद्रपूर तालुक्यातील दिंडीतील टाळकरी. नेसूचे पांढरे सुती धोतर, काठाला वाटेची काळी माती. अंगात सदरा, डोक्यावर पांढरी टोपी, गळ्यात तुळशीच्या मण्यांची जुनी माळ, कपाळी गोपीचंदन आणि बुक्का.’ १९०५ च्या चित्राखाली हीच ओळ लिहिता येईल. बदलायचे ते इतकेच : सदऱ्याच्या जागी बंडी, टोपीच्या जागी पागोटे, आणि ठाऊक असेल तर धोतर कोणाच्या मागावर विणले गेले ते.